पाच किलोमीटरची खेप : माधवनगरच्या मालवाहतुकीत वीज, गॅस आणि पेट्रोल

सांगली शहर आणि माधवनगर यांच्यामधले अंतर चार-पाच किलोमीटरांचे असून तेथून पुढे बुधगावमार्गे तासगावकडे जाणारा रस्ता धरला की वस्ती, दुकाने, यंत्रमागाचे कारखाने आणि पुन्हा वस्ती असा क्रम लागतो. संस्थानकाळात पेठ म्हणून वसवलेल्या या गावाचा व्यापार आरंभापासून सांगलीच्या बाजारपेठेशी जोडलेला राहिला. किराणा माल, तेलाचे डबे, सुताची पोती आणि कोऱ्या कापडाच्या गाठी यांची ये-जा ही येथील रोजची वाहतूक आहे. ही वाहतूक अंतराने लहान आणि वजनाने मध्यम आहे. ती दिवसातून अनेकदा थांबते, आणि ज्या गाडीने ती होते त्या गाडीचा दिवसातला मोठा भाग चालण्यात नव्हे तर उभे राहण्यात जातो. विजेवर चालणारी मालवाहू तीनचाकी घ्यावी की सीएनजीची तीनचाकी किंवा पेट्रोलचा छोटा टेम्पो घ्यावा, हा प्रश्न अशा गावात विचारला जातो तेव्हा बहुधा इंधनाच्या दराची तुलना करून तो सोडवला जातो. पुढील विवेचनात ही तुलना अपुरी कशी ठरते आणि निर्णय खरा कोणत्या गोष्टीवर अवलंबून असतो, हे माधवनगर-सांगली या एकाच मार्गाच्या आधारे तपासले आहे.

‘टेम्पो’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो मुळात एका जर्मन कारखान्याच्या गाडीचे नाव होते हे सहसा लक्षात येत नाही. हॅम्बुर्गच्या त्या कारखान्याच्या सहकार्याने बजाज टेम्पो कंपनीने १९५८ च्या सुमारास तीनचाकी मालगाड्या भारतात आणल्या आणि बैलगाडी व हातगाडी यांच्या मधली जी जागा रिकामी होती ती या गाडीने भरली. पुढे बारामतीत तयार होणारी ॲपे आली, २००५ मध्ये टाटा एस आली आणि लोकांनी तिला लगेच ‘छोटा हत्ती’ असे नाव दिले. या गाड्यांचा आकार व इंजिन बदलत गेले, पण एक गोष्ट बदलली नाही. अड्ड्यावर उभे राहायचे, भाडे लागले की निघायचे आणि ते कोणत्याही दिशेचे असले तरी नाही म्हणायचे नाही, हा टेम्पोवाल्याच्या धंद्याचा पाया राहिला. विजेच्या गाडीचा प्रश्न नेमका या पायाशी येऊन अडतो.

प्रथम गाडी कोणती हे निश्चित केले पाहिजे, कारण ‘इलेक्ट्रिक तीनचाकी’ या एका नावाखाली दोन वेगळ्या जाती मोडतात. पहिली ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न धावणारी हलकी ई-कार्ट, जिच्यावर नियमाप्रमाणे ३१० किलोपर्यंतच माल लादता येतो. दुसरी नियमांत ‘एल-५’ म्हणून ओळखली जाणारी पूर्ण ताकदीची तीनचाकी, जी साधारण पाचशे ते सातशे किलो माल घेते आणि जिच्यात सात ते तेरा किलोवॅट-तासांची लिथियम बॅटरी असते. किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलावरचे ‘युनिट’. दहा किलोवॅट-तासांची बॅटरी म्हणजे दहा युनिट मावणारी टाकी, असे समजल्यास पुढचा हिशेब सोपा होतो. सांगली-माधवनगर मार्गावर पोत्यांची वाहतूक करायची तर ई-कार्ट बाद ठरते, कारण सहा पोत्यांवर तिची मर्यादा संपते आणि मुख्य रस्त्यावर तिच्या संथ चालीचा इतर वाहनांना व तिला स्वतःलाही त्रास होतो. म्हणून येथे विचार एल-५ गाडीचाच केला आहे.

आता एका दुकानाचा हिशेब मांडून पाहता येईल. समजा, माधवनगरातील एका घाऊक किराणा दुकानदाराला सांगलीच्या पेठेतून रोज पन्नास किलोची चाळीस पोती आणायची आहेत आणि दुपारनंतर तोच माल फोडून माधवनगर-बुधगावच्या छोट्या दुकानांत पोहोचवायचा आहे. पाचशे किलो घेणारी विजेची तीनचाकी एका खेपेत दहा पोती आणील, म्हणजे चार खेपा होतील. साडेसातशे किलो घेणारा पेट्रोलचा छोटा हत्ती एका खेपेत पंधरा पोती घेईल, म्हणजे त्याच्या तीन खेपा होतील. जाऊन-येऊन खेप दहा किलोमीटरांची धरली तर पहिली गाडी चाळीस किलोमीटर आणि दुसरी तीस किलोमीटर चालेल. दुपारच्या वाटपाचे पंधरा किलोमीटर दोघींना सारखेच आहेत.

दर गोळाबेरजेने धरावे लागतात, कारण ते वर्षातून अनेकदा हलतात. पेट्रोल लिटरला १०५ रुपये, सीएनजी किलोला ९० रुपये आणि वीज युनिटला १० रुपये असे धरले, छोटा हत्ती भरल्या मालासह गावात लिटरला चौदा किलोमीटर देतो, सीएनजी तीनचाकी किलोला पंचवीस किलोमीटर देते आणि विजेची तीनचाकी मीटरवर मोजलेल्या एका युनिटात आठ किलोमीटर जाते असे मानले, तर किलोमीटरमागे खर्च अनुक्रमे साडेसात रुपये, तीन रुपये साठ पैसे आणि सव्वा रुपया येतो. ‘मीटरवर मोजलेल्या’ हा शब्दप्रयोग मुद्दाम केला आहे. चार्जर वीज बदलताना काही भाग उष्णतेत घालवतो, त्यामुळे बॅटरीत शिरलेल्या विजेपेक्षा बिलावरची वीज दहा-पंधरा टक्क्यांनी जास्त असते आणि विक्रेत्याच्या तक्त्यात हा फरक सहसा धरलेला नसतो.

या दरांनी सकाळच्या मालाचा हिशेब केला तर चाळीस पोती आणण्यासाठी विजेच्या गाडीला पन्नास रुपयांची वीज आणि छोट्या हत्तीला सव्वादोनशे रुपयांचे पेट्रोल लागते. फरक पावणेदोनशे रुपयांचा दिसतो आणि येथेच बहुतेक तुलना थांबतात. परंतु विजेच्या गाडीने एक खेप जास्त केली आहे, आणि त्या खेपेत जाण्या-येण्याची चाळीस मिनिटे व पेठेतल्या गर्दीत गाडी लावून भरण्या-उतरवण्याची आणखी वीस-तीस मिनिटे गेली आहेत. हमाली पोत्यामागे असते म्हणून ती दोन्हीकडे सारखी राहते. चालकाचा तास मात्र फुकट नाही. दिवसाच्या मजुरीच्या हिशेबाने तो सत्तर-ऐंशी रुपयांचा धरला तर पावणेदोनशेचा फरक शंभराच्या आसपास येतो. बचत उरते, पण ती विक्रेत्याच्या तक्त्यात लिहिलेल्या आकड्याएवढी नसते, आणि पेठेत ज्या दिवशी गर्दी असते त्या दिवशी ती आणखी कमी होते.

सीएनजीशी तुलना यापेक्षा चुरशीची आहे, कारण सीएनजीची तीनचाकी आकाराने व वजनक्षमतेने विजेच्या गाडीच्या जवळ आहे आणि खेपांची संख्या सारखीच राहते. दिवसाला पंचावन्न किलोमीटर आणि महिन्याला सव्वीस दिवस धरले तर गाडी महिन्यात १४३० किलोमीटर चालते. सीएनजीवर सुमारे ५१५० रुपये आणि विजेवर सुमारे १७९० रुपये खर्च होतात, म्हणजे महिन्याला ३३६० रुपये आणि वर्षाला सुमारे चाळीस हजार रुपये वाचतात. विजेची गाडी सीएनजीपेक्षा लाखभर रुपयांनी महाग पडली असे मानले तर अडीच वर्षांत ती रक्कम फिटते. हाच हिशेब दिवसाला पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीसाठी केला की महिन्याची बचत दीड हजारावर येते आणि लाख रुपये फिटायला साडेपाच वर्षे लागतात. तोवर बॅटरीची हमी संपण्याचा काळ जवळ आलेला असतो. किलोमीटरमागची बचत दोन्ही उदाहरणांत तीच आहे, बदलला आहे तो फक्त रोजचा फेरा. विजेची गाडी उभी राहून काही वाचवत नाही, आणि माधवनगरसारख्या गावात गाड्यांचा उभे राहण्याचाच वेळ अधिक असतो.

या लाखभराच्या फरकाला सरकारी धोरणांनी अनेकदा हलवले आहे. केंद्राच्या फेम-२ योजनेची मुदत ३१ मार्च २०२४ रोजी संपली. त्यानंतर आलेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत एल-५ गाड्यांना पहिल्या वर्षी किलोवॅट-तासामागे पाच हजार आणि दुसऱ्या वर्षी अडीच हजार रुपये असे अनुदान ठरले, म्हणजे ते निम्म्याने घटले. दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून इंजिनवरच्या तीनचाकी व मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तर विजेच्या गाड्यांचा तो पाच टक्केच राहिला. एकीकडे अनुदान आटले आणि दुसरीकडे इंजिनाची गाडी स्वस्त झाली, त्यामुळे किमतीतील दरी दोन्ही बाजूंनी रुंदावली. विजेच्या गाडीच्या बाजूने टिकून राहिलेली सवलत वेगळ्या प्रकारची आहे : राज्याच्या धोरणानुसार तिला मोटार वाहन करात सूट मिळते. पासिंगच्या वेळी ही बाब जाणवते. रोजच्या धंद्यात तिचा संबंध क्वचितच येतो.

तांत्रिक बाजूत सर्वांत जास्त गैरसमज चढाविषयी आहेत. सांगली-माधवनगर रस्त्यावर चिंतामणीनगरचा रेल्वेपूल लागतो आणि ‘भरलेली बॅटरीची गाडी पूल चढणार नाही’ असे अड्ड्यावर सहज बोलले जाते. हे तपासण्यासाठी मोठे गणित लागत नाही. गाडी, चालक आणि दहा पोती मिळून एक टन वजन धरले आणि पुलाची उंची सात मीटर मानली, तर ते वजन वर नेण्यासाठी लागणारी ऊर्जा युनिटच्या पन्नासाव्या भागाएवढी, म्हणजे मोटर व चाकांतली गळती धरूनही तीस-चाळीस पैशांच्या आतली ठरते. ताशी वीस किलोमीटर वेगाने तीस मीटरला एक मीटर या चढावर चढताना अडीच-तीन किलोवॅट शक्ती पुरते आणि या गाड्यांच्या मोटरची शक्ती आठ ते बारा किलोवॅट असते. उतरताना मोटर उलट काम करून थोडी वीज बॅटरीत परतही घालते. म्हणजे पूल चढणे हा प्रश्नच नाही.

प्रश्न पुलाच्या मध्यावर थांबावे लागले तर उभा राहतो. पुढे ऊस भरलेला ट्रॅक्टर रेंगाळत असेल तर मागची रांग चढावर थांबते, सरकते आणि पुन्हा थांबते. स्थिर गाडी चढावर सुरू करताना मोटर फिरत नसूनही तिला पूर्ण जोर लावावा लागतो. त्या क्षणी प्रवाह खूप वाढतो, काम मात्र होत नाही, आणि सगळी वीज मोटरच्या तारांत व कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटरला वीज मोजून देणाऱ्या पेटीत, उष्णतेच्या रूपाने जाते. जे चालक ब्रेक न लावता ॲक्सिलरेटर अर्धवट दाबून गाडी चढावर ‘तोलून’ धरतात ते हीच उष्णता मिनिटामिनिटाला वाढवतात. इंजिनाच्या गाडीत याच सवयीने क्लचप्लेट जळते आणि वास येतो. विजेच्या गाडीत वास येत नाही, कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करतो आणि गाडी एकदम मंद होते. चालकाला वाटते बॅटरी संपली, वास्तविक बॅटरी साठ टक्के असते. दहा मिनिटे सावलीत उभी केली की गाडी पूर्ववत चालू लागणे, ही या बिघाडाची ओळख. पाचशेच्या गाडीवर नऊशे किलो लादले तर हा प्रसंग उन्हाळ्यात वारंवार येतो, आणि कंट्रोलर तो सहन करत असला तरी मागचे टायर आणि पाटे करत नाहीत.

बॅटरीच्या थकण्याची लक्षणे वेगळी असतात आणि ती हळूहळू येतात. दहा युनिटच्या बॅटरीतून दिवसाला पंचावन्न किलोमीटर काढताना तिचा साठ टक्के भाग वापरला जातो. लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी अशा वापराचे दीड-दोन हजार पूर्ण फेरे सहन करू शकते, त्यामुळे केवळ फेऱ्यांच्या हिशेबाने ती आठ-नऊ वर्षे टिकायला हरकत नाही. व्यवहारात तिला फेऱ्यांपेक्षा उष्णता आणि काळ जास्त झिजवतात. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत पारा चाळिशीच्या आसपास असतो, गाडी दुपारभर पत्र्याच्या शेडखाली तापते आणि तशीच गरम असताना चार्जिंगला लावली जाते. चालकाला सांगण्यासारखी एकच गोष्ट असेल तर ती म्हणजे परत आल्यावर तासभर थांबून चार्जर लावावा. थकवा ओळखण्याची साधी रीत अशी : महिन्यातून एकदा तेवढ्याच मालासह त्याच रस्त्यावर शंभर टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत गाडी चालवून किलोमीटर वहीत लिहावेत. आकडा सावकाश घटत असेल तर ते नैसर्गिक आहे. पण पुलाच्या चढावर काटा तीस टक्क्यांवरून क्षणात बारावर येतो आणि सपाटीला पुन्हा वीस दाखवतो, असे होऊ लागले तर बॅटरीतील एखादा सेल इतरांपेक्षा अशक्त झाला आहे, आणि हमी शिल्लक असताना दाद मागण्याची ती वेळ असते. वहीतल्या नोंदी तेव्हा उपयोगी पडतात.

चार्जिंगसाठी वेगळे स्टेशन लागत नाही. यातील बऱ्याच गाड्या सोळा अँपिअरच्या साध्या जाड पिनेच्या सॉकेटवर तीन ते पाच तासांत भरतात. वीज नियामक आयोगाच्या नियमानुसार स्वतःची गाडी स्वतःच्या जागेत चार्ज केली तर त्या जागेच्या मीटरचाच दर लागतो. म्हणून घरामागे लावलेली गाडी घरगुती दराने भरते आणि दुकानापुढे लावलेली वाणिज्यिक दराने. घरगुती दरही पायऱ्यांचा असल्याने महिन्याला आणखी १८० युनिट वाढले की ते वरच्या पायरीवर मोजले जातात, हे धरूनच युनिटचा दर ठरवावा. बिघाड मात्र गाडीत होण्यापेक्षा भिंतीत जास्त होतो. जुन्या घरातील सॉकेटमधली पकड सैल झालेली असते, तीन किलोवॅटचा भार सलग चार तास सहन करताना ती तापते, पिन तपकिरी पडते आणि प्लास्टिक मऊ होते. चार्जिंगला तासभर झाल्यावर प्लग काढून पिनेला हात लावून पाहिला की हे कळते. अर्थिंग नसलेल्या जागी काही चार्जर सुरूच होत नाहीत आणि मालक गाडी शोरूमला नेतो. दोष घराच्या वायरिंगचा असतो.

सीएनजीची अडचण याउलट पंपावर असते. जेथे गॅसची वाहिनी पंपापर्यंत आलेली नाही तेथे मोठ्या केंद्रावर दाबाने भरलेल्या टाक्यांची चळत ट्रकवरून आणून जोडतात. मोठ्या केंद्राला मदर स्टेशन आणि अशा पंपाला डॉटर स्टेशन म्हणतात. ट्रकवरच्या टाक्या रिकाम्या होऊ लागल्या की दाब उतरतो, पूर्ण दोनशे बारपर्यंत भरणारी गाडीची टाकी दीडशेवरच थांबते, आणि पैसे भरलेल्या गॅसचेच द्यावे लागत असले तरी पुन्हा रांगेत येण्याचा दिवस लवकर येतो. रांगेतला अर्धा तास वर उल्लेखिलेल्या चालकाच्या तासातूनच जातो. शिवाय दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी करावी लागते आणि तिची नोंद पाटीवर हवी. तरीही सीएनजीच्या तीनचाकीत आणीबाणीसाठी पेट्रोलची छोटी टाकी असते, आणि गॅस संपला तरी भाडे अर्ध्यावर सोडावे लागत नाही, हा गुण टेम्पोवाला अचूक ओळखतो.

इंजिनाच्या गाड्या या अंतरावर जास्त इंधन का खातात, हेही पाहण्याजोगे आहे. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त इंधन लागते, आणि पाच किलोमीटरच्या खेपेत ते पुरते गरम होते न होते तोच पेठ येते. त्यानंतर वाटपाच्या फेरीत दोन-दोनशे मीटरवर थांबा असतो, तेथे इंजिन कधी चालू ठेवले जाते, कधी बंद करून पुन्हा मारले जाते. कंपनीच्या माहितीपत्रकातला लिटरमागचा आकडा अशा फेरीत येतच नाही. मोटरला गरम होण्याची गरज नसते आणि थांब्यावर ती जवळजवळ काहीच वीज घेत नाही. म्हणून विजेच्या गाडीचे माहितीपत्रकातले अंतर प्रत्यक्षात तीस टक्क्यांनी घटले तरी तुलनेत ती याच फेरीत सर्वांत चांगली ठरते.

येथवरच्या विवेचनावरून निष्कर्ष दोन वेगळ्या धंद्यांसाठी वेगळा निघतो. स्वतःचा माल ठरलेल्या मार्गावर रोज नेणाऱ्या दुकानदाराला, सूत आणून कापड नेणाऱ्या यंत्रमागवाल्याला किंवा पाण्याचे जार वाटणाऱ्याला दिवसाचे किलोमीटर आदल्या रात्रीच माहीत असतात. ते चाळीसच्या वर आणि ऐंशीच्या आत असतील तर विजेची तीनचाकी त्याच्यासाठी योग्य आहे, आणि तिची जादा किंमत वसूल होते. अड्ड्यावरच्या भाड्याच्या टेम्पोचे तसे नाही. सकाळी दोन तास बसून त्याला माधवनगरातच एक फ्रीज पोहोचवण्याचे भाडे मिळते आणि दुपारी अचानक तासगावला, कोल्हापूरला किंवा ऐंशी किलोमीटरपलीकडच्या जतला घरसामान नेण्याचे. महिन्याची कमाई बहुधा अशा दोन-चार लांबच्या भाड्यांवर उभी असते. विजेच्या गाडीला ती सोडून द्यावी लागतात, आणि सोडलेले एक जतचे भाडे आठवड्याभराची इंधनबचत खाऊन टाकते. या मालकाने सीएनजी ठेवावे. पेट्रोलचा छोटा हत्ती फक्त त्याने घ्यावा ज्याला एका खेपेत पंधरा पोत्यांचे वजन रोज लागते आणि जो दिवसाला फार चालत नाही, कारण थोड्या किलोमीटरांत महाग पेट्रोलही फारसे जाणवत नाही.

जुन्या गाडीच्या किमतीचा मुद्दा उरतो आणि तो अजून कोणीच नीट सोडवलेला नाही. एमएच-१० पासिंगचा सात वर्षे चाललेला छोटा हत्ती सांगलीत कोणीही हौदा ठोकून, इंजिन ऐकून आणि फाळक्याच्या गंजाकडे पाहून अर्ध्या तासात भाव ठरवून घेतो. विजेच्या गाडीत ऐकण्यासारखे काही नसते. तिची किंमत लाख-सव्वा लाखाच्या बॅटरीत असते आणि बॅटरीचे आरोग्य बाहेरून दिसत नाही. त्यामुळे कर्ज देणारे तिला जास्त व्याज लावतात आणि जुन्या बाजारातला दलाल तिला सरळ भंगाराच्या भावाजवळचा आकडा सांगतो. ज्या मालकाने दरमहा शंभर ते वीस टक्क्यांची फेरी वहीत उतरवलेली आहे, तो निदान ती वही दलालापुढे ठेवू शकतो. दलाल ती मानील की नाही, हे मात्र पेठेत अशा पाच-पन्नास गाड्या विकल्या जाईपर्यंत ठरणार नाही.